‘ते काय विशेष नाही’च्या पुढचं वाक्य

माझ्या आतेभावाची व्हॉइस नोट आली तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. लांबी अकरा मिनिटं चाळीस सेकंद. तिच्याखाली एकच ओळ टाइप केलेली होती: ‘ताई, यातनं तेवढं लिंक्डइनचं About करून दे. तू लिहितीस की.’

आतेभाऊ 43 वर्षांचा. कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, आणि तेव्हापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्रींमध्ये नोकरी. आता त्याला बाजू बदलायची आहे. कास्टिंग बनवणाऱ्याकडून कास्टिंग विकत घेणाऱ्याकडे जायचं आहे. पंपाच्या, ट्रॅक्टरच्या, मोटारींच्या कंपन्या आपल्या पुरवठादार फौंड्रींवर लक्ष ठेवायला माणसं नेमतात. फौंड्रीत जाऊन माल का बिघडला ते शोधायचं आणि पुन्हा बिघडणार नाही अशी व्यवस्था लावून यायची, असं ते काम. ही माणसं निवडणारे लिंक्डइनवर बघतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या पानावर फोटो होता, नोकऱ्यांची यादी होती आणि About ची जागा कोरी होती.

ती जागा म्हणजे नाव आणि फोटोच्या खालचा परिचय. तिथे 2600 अक्षरं मावतात, पण पान उघडल्यावर त्यातल्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात. पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. नोकऱ्या कुठल्या, कधीपासून कधीपर्यंत, यासाठी खाली वेगळा रकाना असतोच. म्हणजे वरच्या परिचयात सनावळी सांगायची गरज नसते. बोलताना मात्र माणूस नेमकी सनावळीच सांगतो, आणि ती सांगताना मध्येच थांबून मनातलं बोलतो. हे मला अकरा मिनिटांच्या शेवटी कळलं.

मी ती आधी एकदा नुसती ऐकली, काही न लिहिता. दुसऱ्यांदा ऐकताना कागद घेतला आणि शब्द न् शब्द उतरवला. ‘हॅलो, येतंय का ऐकू’पासून मागे वाजणाऱ्या कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं. समासात मिनिटं लिहिली. याला दीड तास गेला. उतरवल्यावर मजकूर साधारण तेराशे शब्दांचा झाला. सारांश काढत ऐकलं असतं तर वीस मिनिटांत झालं असतं, पण तेव्हा मी काय गाळलं असतं ते मला माहीत आहे. नववं मिनिट गाळलं असतं.

सुरुवात अशी होती: ‘हां, तर काय, डिप्लोमा झाला दोन हजार तीनला. आप्पा म्हणाले बघ कुठंतरी चिकट. शिरोलीत ओळखीनं लागलो, सँड प्लांटला. पगार काय, अडीच हजार. तिथं सात वर्षं काढली. मालक चांगला होता पण त्याचा मेव्हणा, असो. मग दुसरीकडं गेलो. तिथं आधी सँडच बघायचो, मग क्वालिटीला घेतलं. तिथं बरंच काम झालं. रिजेक्शन लई होतं, ते निम्म्यावर आणलं. आम्ही सगळ्यांनी मिळून. मग आप्पांचं आजारपण, ते तुला माहितीच आहे, चौदा महिने घरीच. मग आत्ताची कंपनी.’

एवढं दुसऱ्या मिनिटाअखेर झालं. उरलेल्या साडेनऊ मिनिटांत पगारवाढीचं गाऱ्हाणं, मुलीची दहावी, आत्ताच्या कंपनीत नमुन्याचा माल कसा पहिल्या फटक्यात पास होतो, मग पुन्हा पहिल्या कंपनीतला मेव्हणा. आणि नवव्या मिनिटाला हे:

‘अजून एक होतं, पण ते काय विशेष नाही. तारखेचा बिल्ला बसवला होता पॅटर्नला. गिऱ्हाइकाकडनं माल परत आला की आख्ख्या महिन्याचा तपासायला लागायचा. कधी ओतलाय कळायचंच नाही ना. बिल्ला लावल्यावर एका पाळीचाच बाजूला काढायचो. ते असंच, छोटं काम.’

फौंड्रीतली गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून थोडं थांबते. ओल्या वाळूचा साचा करून त्यात वितळलेलं लोखंड ओततात. वाळूत पाणी असतं, बेंटोनाइट माती असते, कोळशाची पूड असते. पाणी जास्त झालं की ओतताना त्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूतच अडकते आणि कास्टिंगमध्ये पोकळी राहते. तिला ब्लोहोल म्हणतात. वरच्या कातडीखाली लपलेला ब्लोहोल फौंड्रीत दिसतच नाही. माल गिऱ्हाइकाकडे जातो, तिथे यंत्रावर दोन-तीन मिलिमीटर धातू छिलला जातो आणि भोक उघडं पडतं. तोवर ओतल्याला दोन आठवडे झालेले असतात. त्या दिवशी वाळू कशी होती, पाळी कुणाची होती, हे शोधायचं तर ते कास्टिंग कोणत्या दिवशीचं आहे हे आधी कळायला हवं. पॅटर्नमध्ये तारीख आणि पाळी दाखवणारा छोटा बिल्ला बसवला की तो आकडा प्रत्येक कास्टिंगवर आपोआप उमटतो. माल विकत घेणाऱ्या कंपनीच्या माणसाला फौंड्रीकडून सगळ्यात आधी हेच हवं असतं: बिघडलेला नग कुठल्या ढिगातला, हे सांगता यावं.

म्हणजे ज्याच्याकडे नोकरी मागायची, त्याच्या दृष्टीने अकरा मिनिटांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य ‘ते काय विशेष नाही’ या शब्दांनंतर आलं होतं.

हे योगायोगाने झालं नाही, असं माझं मत आहे. मी याआधी शेजारच्या काकूंचं, पुतण्याचं, एका मैत्रिणीच्या नवऱ्याचं असं बरंच काही लिहून दिलं आहे. दर वेळी हेच दिसतं. माणूस आधी ते सांगतो जे सांगायचं असतं असं त्याला वाटतं: शिक्षण, पहिली नोकरी, पगार, पद. हातून जे सहज झालं ते त्याला कामच वाटत नाही. म्हणून ते ‘असो’ म्हणून झाल्यावर, ‘हां, एक राहिलं’ म्हणून, किंवा ‘विशेष नाही’ अशी माफी मागून येतं. उतरवलेल्या कागदावर मी आता आधी हे शब्द शोधते आणि त्यांच्यापुढची चार वाक्यं अधोरेखित करते. बाकीचं नंतर.

आता कागदावर तेराशे शब्द होते. मी पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्याच्या समासात एक अक्षर लिहिलं. ‘क’ म्हणजे त्याने स्वतः केलेली गोष्ट. ‘घ’ म्हणजे नुसती घडलेली गोष्ट, म्हणजे डिप्लोमा झाला, बदली झाली, कंपनी बंद पडली. ‘म’ म्हणजे मत किंवा गाऱ्हाणं. ‘ह’ म्हणजे त्याला पुढे काय हवं आहे. अकरा मिनिटांत ‘घ’ आणि ‘म’ यांचं रान माजलेलं होतं. ‘ह’ एकच वाक्य होतं, तेही शेवटच्या अर्ध्या मिनिटात: ‘मला आता दुसऱ्या बाजूनं बघायचंय, ही कास्टिंग घेतात त्यांच्याकडनं.’ ‘क’ शोधताना मात्र अडचण आली, कारण त्याच्या बोलण्यात ‘मी’ जवळजवळ नव्हताच.

मराठीत स्वतःचं श्रेय लपवायच्या दोन पक्क्या जागा आहेत. एक ‘आम्ही’ आणि दुसरी ‘झालं’. ‘तिथं बरंच काम झालं’ हे वाक्य ऐकायला किती नम्र वाटतं, पण काम कुणी केलं ते त्यात नाही. ‘रिजेक्शन कमी झालं’, ‘सिस्टिम लागली’, ‘ते सुधारलं’. आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की ‘मी मी’ करू नये, आणि क्रियापद ते काम निमूटपणे करून टाकतं. कचेरीतली भाषा शिकलेला माणूस याच्याही पुढे जातो आणि ‘करण्यात आलं’ म्हणतो. तिथे तर माणूस पार नाहीसाच होतो.

उलट टोकही वाईटच. प्रत्येक ‘झालं’चं ‘मी केलं’ केलं की खोटं होतं. म्हणून माझा नियम साधा आहे: अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची आणि फोन करून विचारायचं, ‘यातलं तुझ्या हातून काय झालं?’

रविवारी मी फोन केला. रिजेक्शन निम्म्यावर आणलं म्हणजे नेमकं काय केलं, असं विचारलं. आधी पुन्हा ‘आम्ही सगळ्यांनी’ झालं. मग मी विचारलं, ‘तू त्या दिवशी सकाळी कामावर गेलास आणि काय हातात घेतलंस?’ हा प्रश्न दर वेळी लागू पडतो. माणूस गोषवारा सांगायचं सोडतो आणि त्या सकाळी जाऊन उभा राहतो.

‘वही,’ तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. साल 2012, पावसाळा. ब्लोहोलने माल फुकट जात होता. मेल्टिंगवाले म्हणत वाळू खराब, मोल्डिंगवाले म्हणत धातू थंड ओततात. मिक्सरवरचा माणूस वाळू मुठीत दाबून, फोडून बघायचा आणि अंदाजाने पाइपने पाणी मारायचा. आतेभावाने सहा आठवडे दर अर्ध्या तासाने वाळूतला ओलावा मोजला आणि वहीत वेळेसह लिहिला. शेजारच्या रकान्यात त्या वेळच्या साच्यांमधून निघालेला फुकट माल लिहिला. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर दिसलं की सकाळच्या पहिल्या दोन तासांतला माल सगळ्यात वाईट आहे. नवी वाळू उघड्यावर पडलेली असायची, रात्रभर भिजायची. मिक्सरवरचा माणूस मात्र रोजच्या सवयीने तेवढंच पाणी मारायचा. ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपास हवा होता, तो सकाळी साडेचारच्या वर जात होता. मग वाळूवर पत्र्याची शेड आली, पाण्याला मीटर बसलं आणि सकाळी पहिलं मिश्रण मोजल्याशिवाय साचा करायचा नाही असं ठरलं. शेड मालकाने बांधली, मीटर मेन्टेनन्सने बसवलं. मोजलं त्याने, जुळवलं त्याने आणि मालकासमोर वही उघडून त्यानेच ठेवली. आता कुठे ‘मी’ आणि ‘आम्ही’ आपापल्या जागी बसले.

‘आणि निम्मं कशावरनं?’ मी विचारलं.

‘नऊवरनं साडेचारवर आलं की.’

‘कधीचं नऊ आणि कधीचं साडेचार?’

वही घरात होती. त्याने शोधली. जुलै 2012 मध्ये 9.1 टक्के. जानेवारी 2013 मध्ये 4.6 टक्के. तो म्हणाला, ‘बघ, निम्मंच.’ पण जानेवारीत पाऊस नसतो. वाळू तशीही कोरडीच असते, कुणी काही केलं नसतं तरी आकडा थोडा उतरलाच असता. मी त्याला पुढच्या जुलैचा आकडा काढायला लावला. जुलै 2013: 5.8 टक्के. फोनवर जरा शांतता पसरली. मग तोच म्हणाला, ‘पावसाळ्याला पावसाळाच लावला पाहिजे. हे मी दुसऱ्यांना शिकवतो.’

म्हणून परिचयात ‘निम्म्यावर’ आलं नाही. ‘एका पावसाळ्यात 9 टक्के, पुढच्या पावसाळ्यात 6 च्या आत’ असं आलं. ऐकायला ते कमी भरतं. पण हा परिचय वाचणारा स्वतः कास्टिंगमध्ये मुरलेला असणार. ‘निम्म्यावर’ वाचून तो मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारणार: टक्के नगांवर की वजनावर? फौंड्रीत सापडलेलेच धरले की गिऱ्हाइकाकडून परत आलेलेही? मी हेही विचारून घेतलं. नगांवर, आणि दोन्ही मिळून. परिचयात एवढं लिहायचं नसतं, पण आकड्यामागे एवढं उभं नसेल तर आकडाच लिहू नये.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारली: यातलं काय उघड सांगता येतं? गिऱ्हाईक कंपन्यांची नावं त्याने व्हॉइस नोटमध्ये धडाधड घेतली होती. पण पुरवठादाराने किती माल फुकट घालवला हे त्याच्या गिऱ्हाइकाच्या नावासकट चारचौघांत लिहिणं बरं नाही, आणि बऱ्याच ठिकाणी करारातच तसं बंधन असतं. नावं काढली. ‘ट्रॅक्टरच्या भागांचं कास्टिंग’ एवढं ठेवलं. मालकाचा मेव्हणा अर्थातच गेला. चौदा महिन्यांचं काय करायचं, हे त्यानेच विचारलं. ते परिचयात घालायचं कारण नाही, पण नोकऱ्यांच्या रकान्यात तारखा ओढूनताणून जोडून ते झाकायचंही नाही. नोकरीतली अशी खंडाची मुदत वेगळी नोंदवायची सोय लिंक्डइनने 2022 पासून दिलेली आहे, तिथे ‘घरातलं आजारपण’ असं साधं लिहावं. त्याने तसंच केलं.

आता पहिला मसुदा. तो मी लिहिला आणि तो पडला. त्यात मी ‘गुणवत्तेचा ध्यास’ असं काहीतरी लिहून गेले होते. ‘दोन दशकांचा समृद्ध अनुभव’ही होता. त्याने वाचलं आणि उलट व्हॉइस नोट पाठवली, चार सेकंदांची: ‘ताई, हा कोण माणूस आहे?’

बरोबर होतं त्याचं. ऐकलेलं साफ करताना हात नको तितका चालला की हे होतं. ‘म्हणजे’, ‘काय झालं’, ‘असो’ हे काढायचंच असतं. त्या उचक्या आहेत. पण त्याच झाडूने ‘वही’ही निघून जाते, आणि तिच्या जागी ‘विश्लेषण’ येऊन बसतं. आता मी मसुदा लिहिला की त्यातलं प्रत्येक नाम मूळ उतरवलेल्या कागदात शोधते. तिथे नसलेलं नाम माझं आहे, त्याचं नाही. अशी दोन-चार चालतात, कारण बोलणं आणि लिहिणं सारखं नसतं. दहा झाली की परिचय दुसऱ्याच कुणाचा झालेला असतो. माझ्या पहिल्या मसुद्यात सतरा होती.

मग क्रमाचा प्रश्न. बोलण्याचा क्रम काळाचा असतो, कारण आठवण तशीच उलगडते. वाचणाऱ्याचा क्रम वेगळा असतो. त्याला आधी हा माणूस माझ्या कामाचा आहे का हे हवं, मग पुरावा, मग इतकी वर्षं काय केलं, शेवटी आता काय शोधतो आहे. व्हॉइस नोटच्या मिनिटांचे आकडे समासात लिहिलेले होते म्हणून मला गंमत दिसली. शेवटच्या मसुद्यातली वाक्यं साधारण अशा मिनिटांमधून आली: तिसरं, फोनवरचं, नववं, दुसरं, पहिलं, अकरावं. पहिल्या मिनिटातला डिप्लोमा तळाशी गेला आणि नवव्यातला बिल्ला वर आला.

पहिल्या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त भांडलो. त्याला आपलं पद हवं होतं: ‘मॅनेजर, क्वालिटी’. मी म्हटलं, ते तुझ्या नावाखालच्या ओळीत आहेच. तिथे 220 अक्षरं मिळतात आणि पद तिथेच शोभतं. परिचयाच्या पहिल्या दोन ओळी पुढचं वाचायला बोट लावायला भाग पाडतील अशा हव्यात, आणि त्यासाठी कोडं घालायची गरज नाही. कोणता प्रश्न आला की लोक तुला बोलावतात, तेवढंच सांगायचं. तो म्हणाला, ‘माल का बिघडला, हे विचारायला बोलावतात.’ मग तीच ओळ घेतली. शेवटी असं झालं:

‘कास्टिंगमध्ये दोष आला की तो कुठे आणि का तयार झाला, हे शोधणं हे माझं काम. वीस वर्षं मी ते फौंड्रीच्या आत राहून केलं आहे, वाळूपासून अंतिम तपासणीपर्यंत.

‘2012 च्या पावसाळ्यात आमच्याकडे ब्लोहोलमुळे सुमारे 9 टक्के माल फुकट जात होता. मी सहा आठवडे दर अर्ध्या तासाने वाळूतला ओलावा मोजून त्याच्याशेजारी फुकट गेलेले नग लिहिले. दोष सकाळच्या पहिल्या दोन तासांतल्या भिजलेल्या वाळूतून येतो हे त्यातून दिसलं. वाळूवर शेड, पाण्याला मीटर आणि पहिल्या मिश्रणाची मोजणी हे बदल झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात प्रमाण 6 टक्क्यांच्या आत आलं.

‘त्याच कंपनीत मी पॅटर्नवर तारीख आणि पाळीचा बिल्ला सुरू केला. आधी एक तक्रार आली की महिन्याभराचा माल तपासावा लागे, नंतर एका पाळीचा.

‘ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न, मुख्यतः पंप आणि ट्रॅक्टरचे भाग. सँड प्लांट, मोल्डिंग, गुणवत्ता तपासणी. डिप्लोमा, मेकॅनिकल, 2003.

‘आता मला खरेदीदार कंपनीकडून पुरवठादार फौंड्रींबरोबर काम करायचं आहे. कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव या भागात फिरायची तयारी आहे.’

तेराशे शब्दांचे दीडशेच्या आसपास झाले. 2600 अक्षरांची मर्यादा त्यात निम्मीही भरली नाही आणि भरायची गरजही नव्हती. पण मराठीतून परिचय लिहिणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. आपण डोळ्यांनी ‘कास्टिंग’ वाचतो तेव्हा का, स्टिं, ग अशी तीन अक्षरं दिसतात. संगणक मात्र काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त सुटे धरतो, त्याच्या हिशेबात ही आठ होतात. त्यामुळे कागदावर बसलेला मजकूर पडद्यावर अनपेक्षितपणे कापला जातो. आधी चिकटवून बघावा. या नोकरीसाठी आतेभावाला इंग्रजीतूनच घालायचा होता, तेव्हा त्याने हाच मजकूर वाक्यावाक्याने इंग्रजीत नेला. मराठी आधी पक्कं केलं, याचा फायदा झाला. इंग्रजीत सुरुवात केली असती तर ‘समृद्ध अनुभव’ मागल्या दाराने परत आला असता, कारण त्या पानांवरची इंग्रजी वाक्यं आपल्याला तयारच पाठ असतात.

शेवटची कसोटी मी माझ्या यजमानांवर घेतली. ते बँकेत होते, फौंड्रीचा ओ की ठो माहीत नाही. फोन त्यांच्या हातात दिला, पहिल्या तीन ओळी दिसतील एवढंच पान उघडून, आणि दहा सेकंदांनी काढून घेतला. ‘हा काय करतो?’ ते म्हणाले, ‘ओतकामात चूक कुठं झाली ते शोधून काढतो.’ ‘ओतकाम’ हा शब्द मजकुरात नव्हताच. त्यांनी आपल्या शब्दात सांगितलं, म्हणजे कळलं होतं. ते जर ‘गुणवत्ता विभागात आहे’ म्हणाले असते, तर मी पहिली ओळ पुन्हा लिहिली असती.

कुणाला स्वतःची व्हॉइस नोट कुणाकडे लिहायला द्यायची असेल तर एवढं करावं. पाठवण्याआधी छाटू नये. पुन्हा नीट रेकॉर्ड करू नये. दुसऱ्यांदा बोलताना माणूस ‘विशेष नाही’वाला भाग हमखास गाळतो. आणि पाठवून झाल्यावर दोन दिवसांनी येणाऱ्या फोनसाठी अर्धा तास आणि जुन्या वह्या हाताशी ठेवाव्यात.

आतेभावाच्या परिचयात एक जागा अजून मोकळी आहे. आत्ताच्या कंपनीत नमुन्याचा माल पहिल्या फटक्यात पास होतो, हे त्याने व्हॉइस नोटमध्ये दोनदा सांगितलं होतं. किती नमुने पाठवले आणि किती पास झाले, हा आकडा त्याला कचेरीतल्या रजिस्टरमधून काढायचा आहे. तो आणेपर्यंत ते वाक्य घालायचं नाही, असं ठरलं आहे.